‘ऑपरेटरला समज दिली’ हे मूळ कारण नसतं

जर्मन ग्राहकाचा तो एका ओळीचा शेरा मला तोंडपाठ आहे : ‘माणसाची चूक हे मूळ कारण म्हणून आम्ही स्वीकारत नाही. डी४ पुन्हा भरून पाठवा.’ शेरा माझ्या नावाने आला, कारण उत्तराखाली सही माझी होती. मजकूर मात्र आमच्या प्लांट हेडसाहेबांनी केबिनमध्ये बसून सांगितलेला. ‘पॅकिंगच्या ऑपरेटरने गंजरोधक तेल व्यवस्थित लावले नाही. संबंधितास समज देण्यात आली असून प्रशिक्षण देण्यात आले आहे.’ मी म्हटलं होतं, सर, मला रिपोर्ट नीट वाचू द्या, दोन दिवस द्या. त्यावर उत्तर आलं, “अहो, वाचायचं काय त्यात? गंज आहे, म्हणजे तेल कमी पडलं. लिहा आणि मोकळे व्हा.”

आम्ही मोकळे झालो नाहीच. मोकळी झाली ती पॅकिंगच्या टेबलावरची कंत्राटी मावशी. ‘कारवाई केली’ हे दाखवायला कोणीतरी लागतं, म्हणून ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. याचा राग अजून गेलेला नाही, आणि हा लेख त्या रागातूनच लिहितोय हे आधीच सांगून टाकतो. पण नुसता राग काढून कोणाचं भलं होत नाही. माझ्यासारखे क्वालिटीत बसलेले आणि परदेशी ग्राहकाचा एट-डी रिपोर्ट समोर आला की सगळ्या बाजूंनी घेरले जाणारे बरेच जण आहेत. तो रिपोर्ट वाचायचा कसा आणि उत्तराची आखणी कशी करायची, हे या एका प्रकरणावरून सांगतो.

मामला साधा होता. चाकणच्या पट्ट्यातला आमचा कारखाना. माल म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाची, ९२ मिलिमीटर लांबीची, ग्राइंडिंग केलेली स्टीलची पिन. एका खोक्यात पाच थर, थराला ४० पिना, म्हणजे खोक्याला २००. खोक्याच्या आत व्हीसीआय पिशवी. या पिशवीच्या प्लास्टिकमधून हळूहळू सुटणारी वाफ धातूवर बसते आणि गंज थोपवते. पिनांना पातळ गंजरोधक तेल, पॅलेटवर २४ खोकी, आणि न्हावा-शेवाहून कंटेनर हॅम्बुर्गला. २०२४च्या पावसाळ्यात पॅक केलेला माल तिकडे उघडला तेव्हा पिनांवर गंज निघाला. ग्राहकाने चार पॅलेट अडवून ठेवले आणि त्यांच्या छापील नमुन्यात डी२पर्यंतचे रकाने भरून आमच्याकडे पाठवले.

फोर्डने १९८७ साली ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात आणली, तेव्हापासून रकाने साधारण तेच आहेत : टीम, समस्येचं वर्णन, तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण, उपाय, अंमल, पुन्हा होऊ नये म्हणून व्यवस्था, आणि शेवटी टीमचं कौतुक. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते एवढंच, की ग्राहकाने भरलेला भाग हाच तुमचा पहिला पुरावा असतो. लोक तो तक्रारपत्रासारखा वाचतात, मान खाली घालून, आणि लगेच डी४कडे धावतात.

आमच्या रिपोर्टच्या डी२मध्ये लिहिलं होतं, ‘बाहेरील व्यासावर गंज, जोडणीस अयोग्य. ७१ नग.’ बस. आता ७१ नग म्हणजे कशातले ७१? किती तपासले? चार पॅलेट म्हणजे १९,२०० पिना अडवल्या, पण तपासल्या किती, हे कुठेच नव्हतं. मी ईमेल करून विचारलं, तेव्हा कळलं की तीन खोकी उघडली होती. म्हणजे ६०० पैकी ७१. याने चित्रच बदलतं. सगळ्या पिना गंजल्या असत्या तर संशय पिशवीवर, तेलावर किंवा धुलाईवर गेला असता. आठापैकी साधारण एकच गंजली असेल, तर तीच का आणि शेजारची का नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

म्हणून रिपोर्टमध्ये जे लिहिलंय त्याहून जे लिहिलेलं नाही त्याची यादी आधी करा आणि त्याच दिवशी विचारा. कुठल्या पॅलेटवरचं खोकं, खोक्यातला कितवा थर, पिशवी बंद होती की फाटलेली, माल आला कधी आणि पिशवी उघडली कधी, मधल्या काळात तो ठेवला कुठे, आणि त्याच कंटेनरमधल्या आपल्या दुसऱ्या मालाचं काय झालं. ग्राहकाचा माणूस यावर कपाळाला आठ्या घालेल. आमच्या ग्राहकाच्या एसक्यूई बाईंनी तर लिहिलं की हे प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा आहे. त्यांना आमच्याकडून डी३ चोवीस तासांत हवं असतं, पण खोक्यातला थर कुठला, या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्यांना दोन आठवडे लागले. असो. प्रश्न विचारल्याची लेखी नोंद राहिली, आणि पुढे मुदत वाढवून मागताना तीच कामी आली.

आता फोटो. रिपोर्टला चार फोटो जोडले होते. साहेबांनी ते मोबाइलवर पाहिले, “गंज दिसतोय की” म्हणून खाली सरकवले. पहिलं उत्तर परत आल्यावर मी त्यातला एक फोटो मोठा करून ए-फोर कागदावर छापला. आणि मग जे दिसलं ते आधी कोणालाच कसं दिसलं नाही याचंच नवल वाटलं. गंज पसरलेला नव्हता. पिनेच्या लांबीवर, एकाच रेषेत, सारख्या अंतराने ठिपके होते. पिनेची खरी लांबी ९२ मिलिमीटर, छापील फोटोत ती १८४ भरली, म्हणजे बरोबर दुप्पट. फोटोत दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टी लावून मोजलं, १६. म्हणजे प्रत्यक्षात ८ मिलिमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकरा ठिपके, जणू कोणी शाईचा पेन ठरावीक अंतराने टेकवत गेलं होतं.

तेल लावायला माणूस विसरला तर गंज असा पट्टी लावून येत नाही. जिथे तेल नाही तिथे येतो, वेडावाकडा येतो, सगळ्या बाजूंनी येतो. सारखं अंतर म्हणजे सारख्या अंतरावर काहीतरी टेकलेलं होतं. मी पट्टी तशीच हातात घेऊन स्टोअरमध्ये गेलो. शटरच्या दाराशी कोरुगेटेड पुठ्ठ्याचा रोल उभा होता. हा टू-प्लाय रोल सगळ्यांनी पाहिलेला असतो : एका बाजूला सपाट कागद, दुसऱ्या बाजूला उघड्या नाळ्या. एका नाळीच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत पट्टी लावली. आठ मिलिमीटर.

तिथे उभा असताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा आली ती मावशी. कारण पॅकिंगच्या पद्धतीप्रमाणे दोन थरांच्या मध्ये व्हीसीआय कागद घालायचा असतो, पुठ्ठा नव्हे. हा रोल तिथे आला कसा? स्टोअरच्या पोराने सहज सांगितलं, “मेपासून हाच वापरतोय की, साहेब. कागद संपला होता, मग परचेसने हा पाठवला. स्वस्त पण पडतो.” आणि वर म्हणाला, “मावशी ओरडत होत्या तेव्हा. म्हणायच्या, हा पुठ्ठा तेल पितो.”

जिने कारण पहिल्या दिवशी ओळखलं होतं, तिलाच आम्ही कारण म्हणून ग्राहकाला लिहून दिलं होतं. डी१मध्ये टीमची नावं लिहिताना प्लांट हेड, क्वालिटी मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर अशी पदांची उतरंड लिहायची आपल्याकडे रीत आहे. त्यातल्या एकानेही गेल्या सहा महिन्यांत ते खोकं भरलेलं नसतं. ज्याचे हात त्या मालाला शेवटचे लागले, तो माणूस टीममध्ये नसेल तर पुढचे सातही रकाने अंदाजपंचे भरले जातात.

पण दिसलं ते कारण असेलच असं नाही. इथे घाई करू नका. एखादं कारण खरं असेल तर त्यावरून अजून न पाहिलेलं काहीतरी आधीच सांगता आलं पाहिजे. मी तसं केलं. पुठ्ठ्याच्या नाळ्या वर तोंड करून असतील, तर त्यावर ठेवलेल्या पिनांना खालून ठिपके पडतील. त्याच पिनांच्या डोक्यावर जो दुसरा पुठ्ठा येतो, त्याची सपाट बाजू त्यांना लागते. म्हणजे पिनेच्या वरच्या बाजूला ठिपके नकोत, सलग पुसट रेघ हवी. आणि सगळ्यात खालचा थर पिशवीच्या तळावर, पुठ्ठ्याशिवाय बसतो, म्हणून त्या थरातल्या पिनांना खालून ठिपके अजिबात नसायला हवेत. ग्राहकाला लिहिलं, त्याच पिना उलट्या करून फोटो पाठवा, आणि खालच्या थराच्या वेगळ्या पाठवा. आले तेव्हा दोन्ही गोष्टी जशाच्या तशा होत्या. पुसट तपकिरी रेघ, आणि तळाचा थर बिनठिपक्यांचा.

‘आहे’ आणि ‘नाही’ असा तक्ता भरायला सांगतात तो याचसाठी. त्यातला ‘नाही’चा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि सगळा अर्थ तिथेच असतो. आमच्या तक्त्यात ‘नाही’ खाली चार गोष्टी आल्या. मेच्या आधी पॅक केलेल्या लॉटमध्ये नाही. तळाच्या थरात खालच्या बाजूने नाही. हीच पिन पुण्यातला एक ग्राहक घेतो, त्याच्याकडे नाही, कारण तिथे माल दोन दिवसांत पोचतो आणि आठवड्यात वापरला जातो. आणि त्याच कंटेनरमधल्या आमच्या दुसऱ्या मालावर नाही, कारण त्याला व्हीसीआय कागदच लावलेला होता. ‘तेल कमी पडलं’ हे कारण या चारही गोष्टींना मिळून उत्तर देत नाही. तेल तर खाली निथळतं, त्यामुळे थरांमध्ये फरक पडेलही, पण आठ मिलिमीटरचं अंतर ते कुठून आणणार?

ही चौथी गोष्ट नसती तर आम्ही आणखी एका खड्ड्यात पडलो असतो. मूळ कारण पुठ्ठ्यात आहे म्हटल्यावर साहेबांनी दुसरा बकरा शोधला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या डिसेंबरपासून बऱ्याच जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला. “प्रवास लांबला, त्याला आपण काय करणार? तेच लिहा.” यात तथ्य नव्हतं असं नाही. जुलैत न्हावा-शेवाला कंटेनर बंद होतो तेव्हा आत पावसाळी, दमट हवा कोंडली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये केपजवळ हिवाळा असतो. हवा गार झाली की आतल्या पत्र्यावर आणि मालावर पाणी धरतं, पुढे विषुववृत्ताकडे पुन्हा ऊन, मग पुन्हा गारवा. गंजाला याहून बरी सोय कोणती? पण त्याच कंटेनरमध्ये, त्याच प्रवासात आमचाच दुसरा माल कोरा राहिला होता. मग जहाजाला दोष देता येत नाही. प्रवास ही परिस्थिती होती, कारण नव्हतं. पॅकिंगचं काम त्या परिस्थितीत माल टिकवणं हेच आहे. मी रिपोर्टमध्ये ते ‘हातभार लावणारा घटक’ म्हणून एका वाक्यात लिहिलं आणि पुढे गेलो. ग्राहकाच्या गोदामाबद्दलही माझ्या मनात शंका आहे, ती अजून आहे. पण पुरावा नसताना डी४मध्ये ग्राहकाकडे बोट दाखवलं, तर तुमचं खरं कारणही कोणी वाचत नाही.

पुढे सिद्ध करायचं राहिलं. बाहेरच्या लॅबमध्ये ह्युमिडिटी चेंबर घेतला आणि तीन छोटी खोकी भरली. एकात तोच पुठ्ठा, नेहमीइतकं तेल. दुसऱ्यात व्हीसीआय कागद, नेहमीइतकं तेल. तिसऱ्यात पुठ्ठा, पण तेल दुप्पट. ४० अंशांवर, ९३ टक्के आर्द्रतेत, मध्ये मध्ये गार करत ठेवली. पहिल्या खोक्यात आठ मिलिमीटरवर ठिपके. दुसरं स्वच्छ. तिसऱ्यात ठिपके थोडे फिके, पण तेच, त्याच अंतरावर. हे तिसरं खोकं मी मुद्दाम ठेवलं होतं. तेलाचा वाद त्याने कायमचा मिटवला. दोष पाहिजे तेव्हा आणता येतो आणि पाहिजे तेव्हा घालवता येतो, हे दाखवल्याशिवाय मूळ कारण सापडलं असं म्हणूच नये. नाहीतर ते फक्त पटण्याजोगं कारण असतं.

पुठ्ठा नक्की करतो काय, हेही लिहावं लागतं. तो टेकलेल्या जागेचं तेल शोषून घेतो, म्हणजे जिथे संरक्षण हवं नेमकं तिथलंच काढून घेतो. वर पावसाळ्यात हवेतलं पाणी धरून ठेवतो. शटरजवळच्या रोलवर ओलावा मोजायचं मीटर १५ टक्क्यांच्या आसपास दाखवत होतं, आतल्या कोरड्या खोलीत ठेवलेल्या पुठ्ठ्यावर ८-९. तिसरी गोष्ट म्हणजे रद्दीपासून केलेल्या कागदात क्लोराइडसारखे क्षार राहू शकतात. पुठ्ठ्याचे तुकडे डिस्टिल्ड पाण्यात भिजवून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तर पाणी दुधाळ झालं. व्हीसीआय कागदाचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं. ही चाचणी कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत होते. फोटोसकट रिपोर्टला जोडली, आणि माझ्या मते ग्राहकाला सगळ्यात जास्त पटली ती हीच.

आता ‘का’ची साखळी. आपल्याकडे पाच वेळा ‘का’ लिहायचं म्हणून लिहितात, आणि पाचव्या ओळीत हमखास ‘ऑपरेटरला माहिती नव्हती’ येतं. जर्मन ग्राहकाला एक साखळी पुरत नाही, तीन लागतात. दोष झाला का, दोष आपल्याकडे पकडला का गेला नाही, आणि आपल्या व्यवस्थेने हे होऊ का दिलं.

पहिली साखळी वर आलीच. दुसरीत आमचं घोडं अडलं होतं. फायनल इन्स्पेक्शनला गंज का दिसला नाही, याचं खरं उत्तर असं, की तेव्हा गंज नव्हताच. तो पुढे कित्येक आठवडे समुद्रावर वाढला. ‘तपासणी कडक केली, शंभर टक्के तपासणी सुरू केली’ असं लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. शंभर टक्के तपासूनही तो माल त्या दिवशी स्वच्छच दिसला असता. पकडायचा दोष नव्हता, पकडायचं होतं दोषाचं कारण, म्हणजे चुकीचं पॅकिंगचं सामान. ते इनवर्डला पकडायला हवं होतं, आणि इनवर्डला स्टीलचा एकेक बार तपासला जातो, पण पॅकिंगचं सामान ‘कन्झ्युमेबल’ म्हणून थेट स्टोअरला जातं. पॅकिंगचं सामान इनवर्ड तपासणीत घ्या, असं मी वर्षभर आधी ईमेलने लिहिलं होतं. त्याला उत्तर नाही. ते ईमेल माझ्याकडे आहे.

तिसरी साखळी सगळ्यांना झोंबली. बीओएममध्ये त्या वस्तूचं वर्णन फक्त ‘सेपरेटर शीट’ असं होतं. कुठला कागद, व्हीसीआय की साधा, काही नाही. परचेसच्या दृष्टीने सेपरेटर तो सेपरेटर. ग्राहक दरवर्षी किंमत कमी करून मागतो, परचेसला ती कुठूनतरी कापायची असते, आणि जिथे कोणी बघत नाही तिथे कापणं सगळ्यात सोपं. कुठल्या टप्प्यावर काय बिघडू शकतं, याचा जो तक्ता आम्ही ठेवतो, तो पीएफएमईए फायनल इन्स्पेक्शनवर संपत होता. पॅकिंग त्यात नव्हतंच. आणि बदलाची मंजुरी घ्यायची पद्धत मशीन, टूल आणि कच्च्या मालापुरती होती. आयएटीएफ १६९४९च्या ऑडिटमध्ये बदलाचं नियंत्रण आणि मालाचं जतन, दोन्हींवर प्रश्न येतात. आमची उत्तरं कागदावर ठीक होती. हे सगळं डी४मध्ये लिहू नका म्हणून माझ्यावर दबाव आला, कारण ‘ऑडिट लागेल’. मी लिहिलं. ऑडिट लागलं, आणि दोन किरकोळ मुद्द्यांवर मिटलं. पण रिपोर्ट मान्य झाला, तो याच साखळीमुळे.

डी३बद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण पैसे तिथे जातात. समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्यांचा संशयित माल एका जागी नसतो. आमचा ग्राहकाकडे चार पॅलेट, त्यांच्या बाहेरच्या गोदामात काही, समुद्रावर दोन कंटेनर, न्हावा-शेवाला एक थांबलेला, आणि आमच्याकडे तीन पॅलेट भरलेले. ही जागावार यादी, प्रत्येक ठिकाणची संख्या आणि तिथे काय करणार, एवढंच पहिल्या चोवीस तासांत पाठवा. डी४ रिकामा ठेवा आणि ‘तपास चालू’ लिहून तारीख द्या. आमच्या पहिल्या उत्तरात डी३पासून डी६पर्यंत सगळ्यावर एकच तारीख होती. ज्या कारखान्याने मूळ कारण, उपाय आणि त्याची अंमलबजावणी एकाच दुपारी उरकली, त्याच्यावर कुठला शहाणा ग्राहक विश्वास ठेवेल? त्यांनी आमचं डी४ वाचण्याआधी तारखा वाचल्या असणार.

सॉर्टिंगसाठी तिकडे ग्राहक बाहेरची एजन्सी लावतो आणि ताशी युरोच्या दराने बिल आपल्याला येतं. डेबिट नोट आली की अकाउंट्सवाले घाबरून मान्य करतात. करू नका. किती माणसं, किती तास, किती नग तपासले, किती निघाले, आणि कुठला फोटो नमुना धरून, हे मागा. आमच्या बिलात त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या पार्टच्या खोक्यांचे तास घुसडले होते, जो माल स्वच्छ होता. कागद मागितल्यावर ते तास गुपचूप वगळले गेले. दिलगिरीचा एक शब्द नाही. आपण चुकलो की डेबिट नोट, ते चुकले की ‘सुधारित प्रत’.

उपायांमध्ये मोह असतो तो ट्रेनिंग, सूचनाफलक आणि सह्यांचा. ते लिहा हवं तर, पण त्यावर रिपोर्ट उभा करू नका. आम्ही बीओएममध्ये वस्तूचं पूर्ण वर्णन घातलं. स्टोअरमधून निर्यातीच्या पॅकिंगला दुसरा कोड निघूच शकणार नाही, अशी सिस्टिममध्ये सोय केली. इनवर्डला व्हीसीआय कागदाची तपासणी सुरू केली, आणि टू-प्लाय रोल निर्यातीच्या पॅकिंगच्या जागेतून हलवला. तोच रोल आणखी तीन पार्टना वापरला जात होता, हे डी७ भरताना निघालं. त्यांची तक्रार अजून यायची होती.

डी६मध्ये एक अडचण अशी येते, की उपाय लागू पडला हे खऱ्या प्रवासाशिवाय कळत नाही, आणि प्रवासाला दोन महिने लागतात. ग्राहकाला तर तीस दिवसांत निकाल हवा. मी आधी चेंबरचा निकाल दिला, पुढच्या कंटेनरमध्ये तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे लॉगर ठेवले, आणि पुढचे तीन लॉट बिनतक्रार पोचले की रिपोर्ट बंद करायचा, असं लेखी ठरवून घेतलं. मुदत मागताना रडगाणं गाऊ नका. वेळापत्रक दाखवा.

बाकी नेहमीचा सल्ला तुम्हाला माहीत आहेच. सगळं लेखी ठेवा, फोनवर बोललेलं ईमेलने पक्कं करा, इंग्रजी साधं लिहा, रकान्यात निबंध लिहू नका. आणि तुमच्या सहीने दुसऱ्याचा मजकूर जाणार असेल, तर तसा आदेश ईमेलवर मागा. बरेच आदेश तिथेच मागे घेतले जातात.

रिपोर्ट बंद झाला तेव्हा डी८मध्ये टीमची नावं टाकायची वेळ आली. मी मावशीचं नाव घातलं होतं. अंतिम प्रतीत ते नव्हतं, पदांची उतरंड मात्र पूर्ण होती. तिला परत बोलवा, म्हणून मी ठेकेदाराशी बोललो, तर तोवर ती दुसरीकडे लागली होती.

परवा परचेसमधून फोन आला, व्हीसीआय कागद थोडा पातळ घेतला तर चालेल का, किलोमागे बरेच पैसे वाचतात. मी बदलाच्या मंजुरीचा फॉर्म पाठवून दिला. त्यात पुरवठादाराचा दाखला, चेंबरचा निकाल आणि मागणी करणाऱ्याची सही, असे तीन रकाने आहेत. फॉर्म अजून परत आलेला नाही, आणि पातळ कागदही आलेला नाही.